बाप्पा, गप्पा आणि बाळकाका

कुटुंबाच्या ग्रुपवर यमकं जुळवणारा एक असतोच. तुमच्याकडे तो मामा असेल, आत्याबाईंचे यजमान असतील, नाहीतर शाळेतून निवृत्त झालेली मावशी असेल. आमच्याकडे बाळकाका आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरी बाळच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हाताच्या लांबीवर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवर. तो अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर सरकायला लागला की समजावं, काका अक्षरं मोजताहेत आणि तुम्ही काय बोलताय याच्याशी त्यांचा आता काही संबंध नाही.

परवा मी त्यांना आमच्या सोसायटीतल्या गळतीबद्दल सांगत होतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाने कसा वाद घातला, प्लंबरने कसं फसवलं, छतावर कसा नकाशा उमटला आहे, सगळं मन लावून सांगितलं. काका डोळे मिटून मान डोलावत होते. मला बरं वाटलं, घरात कोणीतरी ऐकतंय. शेवटी डोळे उघडून म्हणाले, “गळतीला ‘ढळती’ आहे, ‘जळती’ आहे. पण तुझ्या उपयोगाचं एकही नाही.”

वर्षभर हे असंच चालतं, पण काकांचा खरा हंगाम भाद्रपदाचा. दिवाळी त्यांनी केव्हाच सोडून दिली आहे. “दिवाळीला ‘आली’शिवाय आहे काय? आणि दसऱ्याला जो तो ‘हसरा’ करून टाकतो. त्यात आपलं काय?” गणपतीचं तसं नाही. गणपती म्हणजे मखर, दूर्वा, मोदक, जास्वंद, आरती, विसर्जन. एकेका शब्दाला काकांच्या वहीत एकेक पान आहे. दीडशे पानी वही, मागच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब. पुढून उघडली की अकारविल्हे यमकं. जास्वंदीच्या पानावर आनंद, मकरंद, छंद, बंद. चतुर्थीच्या पानावर विद्यार्थी, प्रार्थी, स्वार्थी, आणि स्वार्थीसमोर कंसात आमच्या एका मेव्हण्यांचं नाव. मोदकाचं पान जवळजवळ कोरं.

काका मूळचे तारखात्यातले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आम्हाला जो त्रास होतो त्याचं मूळ तिथे आहे. तारेला शब्दामागे पैसे पडत. माणसं खिडकीशी उभी राहून आपल्या आजारी वडिलांची बातमी खोडून खोडून चार शब्दांत बसवत. आयुष्यभर हे बघितल्यावर काकांना लांब वाक्याची शारीरिक शिसारी आली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तारेत सणासुदीच्या शुभेच्छा तयार असत. ठरलेल्या वाक्यांना क्रमांक होते. फॉर्मवर नुसता क्रमांक लिहायचा, पलीकडच्या गावी त्या क्रमांकाचं छापील वाक्य पोचायचं. काकांनी असे क्रमांक हजारोंनी पाठवले. “एकच वाक्य भाच्याला, तेच साहेबाला, तेच ज्याचं तोंड बघायचं नाही त्यालाही. माणूस बदलायचा, क्रमांक तोच.” ते निवृत्त झाले, त्यानंतर २०१३ च्या जुलैत तारेची सेवाच बंद झाली. काकांना वाटलं, सुटलो. मग आम्ही त्यांना फोन घेऊन दिला, ग्रुपवर घेतलं, आणि चतुर्थीच्या पहाटे त्यांनी बघितलं की ते क्रमांक परत आले आहेत. आता त्यांच्यावर चमचम होती, फुलं पडत होती, आणि खाली वॉर्डातल्या एका भावी नगरसेवकाचा फोटो गणपतीपेक्षा मोठा होता.

त्या चमचमत्या शुभेच्छांतही यमक असतं, हे काकांचं सगळ्यात मोठं दुःख. समृद्धी, वृद्धी, सिद्धी, बुद्धी. “हा ‘द्धी’चा कारखाना आहे,” काका म्हणतात. “कोणालाही पाठवा, कुठेही पाठवा, चतुर्थीला पाठवा नाहीतर पेढीच्या उद्घाटनाला पाठवा. यात आपल्या घरातलं एक भांडं तरी आहे का?”

म्हणून त्यांनी स्वतःचा कायदा केला. आमच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत. डोंबिवली, पुणे, चिपळूणजवळचं मूळ घर, बंगळुरू आणि न्यू जर्सी. अशा ग्रुपवर शुभेच्छा दोन ओळींची, फार तर चार ओळींची. का, तर मेसेज लांबला की व्हॉट्सॲप तो मध्येच कापतं आणि खाली ‘आणखी वाचा’ लिहितं. ‘आणखी वाचा’वर बोट ठेवणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे. दुसरं, फोन कुलूपबंद असताना पडद्यावर सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, म्हणून बाप्पा पहिल्याच ओळीत यायला हवा. तिसरं, वेळ. चतुर्थीच्या सकाळी शुभेच्छा पाठवणं म्हणजे काकांच्या मते शुद्ध वेडेपणा. बायकांचे हात उकडीत, पुरुषांचे हात गुरुजींच्या पुढे, मुलांचे हात निर्माल्याच्या परडीत. फोन वाचायला मोकळे एकटे काकाच. म्हणून शुभेच्छा जाते हरतालिकेच्या संध्याकाळी सातला. सारणासाठी नारळ खवून झालेले असतात, उपास कडक झालेला असतो, माणसं जरा टेकलेली असतात, आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. एवढा विचार आमच्या घरात मुलींची लग्नं ठरवतानासुद्धा झालेला नाही.

आणि कायद्याचं चौथं कलम, ज्याने न्यू जर्सीच्या चुलतभावाशी संबंध काही काळ ताणले गेले. क्रियापदाचं यमक चालणार नाही. त्या बिचाऱ्याने हौसेने लिहिलं होतं की बाप्पा घरी आला, मनाला आनंद झाला, सारा शीण गेला. काकांनी सर्वांसमक्ष उत्तर दिलं, “आला, झाला, गेला, याला यमक म्हणत नाहीत, हजेरीपट म्हणतात.” मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि शेवट सारखेच असतात, त्यामुळे यमक फुकट मिळतं, आणि फुकट मिळालेल्या यमकाला कान दाद देत नाही, हे पुढे त्यांनी फोनवर अर्धा तास समजावून सांगितलं. तिकडे मध्यरात्र होती. यमक नामाचं हवं, तेही जिन्नस असलेल्या नामाचं. दूर्वा. मखर. कप्पा.

कप्पा म्हटल्यावर बाप्पाकडे यावंच लागतं.

बाप्पा या शब्दाची गोम अशी की त्याची यमकं मोजकीच आहेत आणि सगळी घरगुती. पहिल्या वर्षी काकांनी सगळे वापरतात तेच वापरलं.

आले घरी आज बाप्पा
मारू सारे खूप गप्पा

आठ-आठ अक्षरं, स्वच्छ काम. आम्ही कौतुक केलं. ती आमची चूक. काकांनी त्याच रात्री ठरवलं की बाप्पा कायम ठेवायचा आणि दरवर्षी यमक नवं घालायचं. पुढच्या वर्षी धाकटी आत्या शाळेतून निवृत्त झाली, तर “गाठला हो नवा टप्पा”. त्याच्या पुढच्या वर्षी पुतण्याचं अमेरिकेचं अडलं होतं, तर “व्हिसावरी बसो ठप्पा”. तो बसला. पुतण्या आजही ते श्रेय वकिलाला देतो, काका बाप्पाला देतात, पण देताना स्वतःकडे बघतात. मग ज्या वर्षी तीन घरांतून तीन प्रकारचे मोदक येऊन फ्रीजमध्ये जागा उरली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आगाऊ सूचना म्हणून “रिता ठेवा फ्रीजकप्पा”. एव्हाना आमच्यात पैजा लागायला लागल्या होत्या. श्रावण लागला की कोणीतरी विचारायचं, “यंदा बाप्पाला काय?” एका भाचेसुनेने लाडिक आवाजात पप्पा सुचवलं. काकांनी तिच्याकडे बघितलं मात्र. “आमच्या घरात पप्पा नाहीत. दादा आहेत, भाऊ आहेत, नाना आहेत. पप्पा परदेशातून आले तर त्यांचं आपण स्वागत करू, पण ओवीत घेणार नाही.”

मोदकाने मात्र काकांना आयुष्यभर छळलं. मोदकाला शोधक आहे, बोधक आहे, रोधक आहे, पण यातलं खाण्यासारखं एकही नाही. यावर त्यांनी काढलेला तोडगा कोणीही वापरावा असा आहे. जो शब्द यमकात बसत नाही, तो ओळीच्या सुरुवातीला ढकलायचा आणि शेवटी सोपा शब्द बसवायचा. गौरीचंही तसंच. गौरीला यमक मिळता मिळत नाही, पण तिला गौराई म्हटलं की घाई, ताई, आई, नवलाई अशी सगळी माहेरवाशिणींची रांग येऊन उभी राहते. एवढं शहाणपण असूनही एका वर्षी काकांना मोदक ओळीच्या शेवटीच हवा होता. पाठवलेला मेसेज व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. काकांना बरं यमक सोळाव्या मिनिटाला सापडलं. त्यांनी मेसेज काढून टाकला. ग्रुपवर मेसेज काढल्याची तेवढी एक ओळ राहिली, आणि ती बघून चार घरांतून फोन आले, “कोण गेलं?”

एकदा मी शुभेच्छा तयार होताना शेजारी बसून बघितली. पहिला खर्डा बारा ओळींचा होता. पहिल्या चार ओळींत गणपतीची नावं. ती गेली, “कारण त्याला स्वतःची नावं माहीत आहेत”. मधल्या चार ओळींत सुखशांती. तीही गेली, कारण ती शेजाऱ्यांनाही लागू पडत होती. मग खुद्द ‘शुभेच्छा’ हा शब्द गेला. त्याला इच्छा, सदिच्छा, स्वेच्छा सोडून कोणी नातलग नाही, आणि इच्छा आली की आशीर्वादाची भाषा येते, मग पानभर थांबत नाही. बाराचे चार झाले, चारात एकच खरी गोष्ट उरली: मखर. राज्यात थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं असतं आणि मुलं ते रात्रभर जागून करतात. मखर म्हणजे शिखर आलं. “शिखर नको. आपण कुठे चढलोय?” प्रखर, मुखर हे शब्द घरात कोणी बोलत नाही. राहिली साखर. इथे काका बराच वेळ अडले. मखर आणि साखर यांत ‘खर’ जुळतं, पण त्याच्या आधी एकीकडे म, दुसरीकडे सा, म्हणजे आधीचा स्वर जुळत नाही. “पास क्लास,” ते म्हणाले. “पण साखर घरातली आहे. घेऊ.”

छंद त्यांनी हरिपाठाचा घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. हा काकांचा लाडका छंद, कारण शेवटचा चरण आखूड असतो. तीन चरण माणूस भाविकपणे वाचत जातो आणि चौथ्याला पायरी चुकते. पेरांवर अंगठा फिरला, ओठ हलले, आणि हे तयार झालं.

आले गणराय
सजले मखर
काकूंना साखर
चालेना हो

अक्षरं बरोबर, यमक पास क्लास, बातमी घरातली. सातला मेसेज गेला. सात वाजून दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून काकू आल्या. हातात खोवणी, दिवसभराचा निर्जळी उपास, आणि आपला रक्ततपासणीचा अहवाल त्रेचाळीस माणसांत जाहीर झालेला. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी आपला फोन घेतला, ओल्या बोटाने हळूहळू टाईप केलं आणि परत नारळाकडे गेल्या. ग्रुपवर आलं:

साखर सोडीन मी
यमक सोडा तुम्ही

काकांनी पेरं मोजली. त्यांचा चेहरा उजळला. “सात-सात! सर्वनामाचं यमक आहे, पण पहिलाच प्रयत्न आहे.” संसाराला तेव्हा शेचाळीस वर्षं झाली होती.

काकूंना हे जमलं याचं नवल वाटायला नको. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, पहिल्या घासाला नाव घेण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. उखाण्यात पहिल्या ओळीत काहीही चालतं, चांदीचं ताट असो की नागपंचमीचा नाग. दुसरी ओळ नावावर येऊन टेकली पाहिजे. काकांनी ही युक्ती बायकोकडूनच उचलली आहे, हे ते कबूल करणार नाहीत. त्यांच्या शुभेच्छेत घरातल्या एका माणसाचं नाव असतंच, आणि त्या माणसावर एक काम पडलेलं असतं.

एकवीस हव्या दूर्वा
घेऊन येईल पूर्वा

पूर्वा माझी चुलत पुतणी. जन्मली तेव्हा तिचं नाव ठेवण्याच्या चर्चेत काकांनी फार रस घेतला होता, त्याचं कारण आम्हाला वीस वर्षांनी कळलं. तिला ही ओळ अजिबात आवडत नाही. पण ती दूर्वा आणते. न आणून सांगते कुणाला? ओळ सगळ्यांच्या तोंडात बसलेली असते, दारातच पोरं ओरडतात. याचं महत्त्व आम्हाला काकांच्या मोतीबिंदूच्या वर्षी कळलं. ऐन गणपतीत शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी फोन काढून घेतला. ग्रुपवर शुभेच्छांना तोटा नव्हता, सिद्धी-बुद्धी-वृद्धी नुसती वाहत होती. पूजेला बसल्यावर गुरुजींनी हात पुढे केला, “दूर्वा?” पूर्वाने आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं. शेवटी एका भाच्याने खाली धाव घेतली आणि मूठभर हिरवं घेऊन आला. गुरुजींनी एक काडी उचलून उजेडाकडे धरली. सोसायटीच्या लॉनचं गवत होतं.

अर्थात म्हणून काकांच्या शुभेच्छा कोणी मन लावून वाचतं असा गैरसमज नको. हा संशय काकांनाही होता. एका वर्षी त्यांनी परीक्षा घेतली.

बाप्पाला यंदा उपास
मोदक नाही कोणास

उत्तरं धडाधड आली. जोडलेले हात, जोडलेले हात, “खूप छान काका”, जास्वंदीचं फूल, “अप्रतिम!”, जोडलेले हात, बंगळुरूहून “सेम टू यू”. आमच्या घरातले डॉक्टर, इंजिनिअर, एक सनदी लेखापाल, एवढी शिकलेली माणसं, सगळ्यांनी गणपतीचा उपास हसत मान्य केला. हरकत एकच आली. नऊ वर्षांच्या नातीने आईच्या फोनवरून लिहिलं होतं, “मग मी येणार नाही.” काकांनी त्या नातीला त्या वर्षी पहिला मोदक दिला, गणपतीच्या खालोखाल.

आता अप्पा.

अप्पा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. तुमच्या लक्षात आलंच असेल की बाप्पाला सगळ्यात जवळचं, सगळ्यात सोपं यमक तेच आहे. ठप्पा आणि कप्पा शोधत वही भरणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल असं नाही. आम्ही एकदा विचारलंही. काका म्हणाले, “थोरल्या भावाला यमकात बसवत नाहीत. तो बसायला आला तर आपण उठायचं.” खरं कारण वेगळं होतं. दोघांचं धड जमत नसे. अप्पांना ग्रुप म्हणजे पोरखेळ वाटायचा. ते त्यावर होते, पण कधी एक अक्षर लिहिलं नाही. आणि मग गणपती वेगळा करायचा विषय निघाला. मूळ घरी आता फारसं कोणी राहत नाही, तर गणपती डोंबिवलीला आणावा, असं काकांचं म्हणणं. गणपती जिथे बसतो तिथेच बसेल, तुम्हाला जमत नसेल तर आपापला वेगळा बसवा, असं अप्पांचं. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाण्याची मोटर कोणी बसवली इथपासून आजोबांच्या दहाव्याला कोण उशिरा आलं इथपर्यंत सगळं निघालं. श्रावणभर दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि ग्रुपवर फक्त हवामान होतं. हरतालिकेला सात वाजता काकांचा मेसेज आला.

एक घर एक बाप्पा
नका करू मर्जी खप्पा

आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. जोडलेले हात पाठवायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. पावणेआठला अप्पांचा मेसेज आला, त्यांच्या हयातीतला पहिला आणि शेवटचा. “येतो. नारळ आणतो.” मला कोपरखळी मारायची संधी सोडवेना. मी काकांना म्हटलं, “काका, येतो, आणतो. क्रियापदाचं यमक आहे.” काका चष्मा पुसत म्हणाले, “थोरल्यांचं आहे. चालतं.”

त्या वर्षी मूळ घरी आरतीला दोघं शेजारी उभे होते. झांजा अप्पांकडे, टाळ काकांकडे, आणि ताल कोणाचाच नाही.

पुढच्या वर्षी चतुर्थीला चार दिवस असताना अप्पा गेले. सुतक आलं. मखराचे पुठ्ठे आणलेले होते ते तसेच भिंतीला टेकून राहिले, पेणहून सांगितलेली मूर्ती तिथेच राहू दे म्हणून कळवलं. हरतालिकेचे सात वाजले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ग्रुपवर टिंग झालं. कोणा लांबच्याने, दोनशे ठिकाणी पाठवताना आमच्याकडेही पाठवलं होतं. सोनेरी अक्षरं, वरून पडणारी फुलं, सुख आणि समृद्धी आणि वृद्धी. मी काही करायच्या आत ते तिथून नाहीसं झालं. ॲडमिन काका आहेत. पाठवणाऱ्याला ते कधी काही बोलले नाहीत. बहुधा त्यांना क्रमांकाची सवय होती.

त्यानंतरच्या वर्षी आम्हाला वाटलं, आता ते यमक येणार. येणारच, दुसरं उरलंय काय? हरतालिकेला सात वाजता फोन हातात धरून बसलो. मेसेज अप्पांच्या पणतूवर होता. तो तेव्हा नुकता चालायला लागला होता आणि प्रत्येक वस्तूमागे लपायचा.

लपाछपी खेळे बाप्पा
मखराआडून धप्पा

काका कवी नाहीत. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली, त्यांतल्या एकात तर ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर येऊ दिलं नाही. आमच्या काकांची आठ अक्षरांत दमछाक होते. कविता म्हणून त्यांच्या ओळींची किंमत शून्य आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. पण परवा ती वही चाळत होतो. बाप्पाच्या पानावर गप्पा, टप्पा, ठप्पा, कप्पा, खप्पा, मग एका वर्षाची जागा कोरी, मग धप्पा. प्रत्येक शब्दावर वापरला म्हणून बारीक रेघ. आमच्या घरात कोण निवृत्त झालं, कोण परदेशी गेलं, कोण रुसलं, कोण गेलं आणि कोण आलं, हे दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. त्या पानाच्या तळाला एकच शब्द रेघ न मारता राहिला आहे, आणि काकांना तो वापरायचा नाही.

यंदाचा श्रावण अर्धा सरला. काका मला रोज फोन करून विचारतात, मी टाळतो. तेव्हा वाचकांना विनंती. बाप्पाला जुळणारा एखादा शब्द तुमच्याकडे असेल तर हरतालिकेच्या आत कळवावा. घरात बोलला जाणारा हवा, क्रियापद नको, पप्पा नको. आणि अप्पा सोडून.